ग्रुपवरची बोलणी ते भिंतीवरचा कागद: प्रकल्प नोंदी

२ एप्रिल

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी गल्ल्यावर बसतो आणि हिशेब लिहितो. मराठीत एम.ए. केलंय हे मालकांना कुठून तरी कळलं, तेव्हापासून अर्ज, पाट्या, बँकेची पत्रं सगळं माझ्याकडे येतं. आज नवीन काम आलं. आमचे मॅनेजर सर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वच्छतेवरून रोज पोरांची खरडपट्टी काढतात. मालक म्हणाले, "ह्या बोलण्याचा एक नीट कागद करून दे. किचनचा वेगळा, सर्व्हिसचा वेगळा. तपासणीला कुणी आलं तर दाखवता येईल, आन् पोरं तरी सुटतील."

माणसं अठरा. वस्ताद आणि त्यांच्या हाताखालचे पाच, तंदूरवाला, भांड्यांच्या दोन मावशी, एक झाडू-फरशीवाला, सहा वेटर, एक कॅप्टन आणि मी. मार्च महिन्यातले मॅनेजर सरांचे मेसेज मोजले तर ७४ भरले. त्यातले ५२ आवाजी.

पहिली चूक आजच झाली. वेळ वाचवायला आवाजी मेसेज दीडपट वेगानं ऐकले. त्या वेगात शिवी कळते, टेबल नंबर कळत नाही. रात्री सगळं पुन्हा साध्या वेगानं, थांबवत थांबवत ऐकलं आणि शब्दन् शब्द टाइप केला. एकूण सहा तास गेले, त्यातले दोन फुकट.

५ एप्रिल

वहीत चार रकाने पाडले: काय दिसलं, कुठं आणि कधी, सरांना काय हवंय, आणि बाकीचं. 'बाकीचं' म्हणजे राग, टोमणे, आईबाप, दिवस कापायची धमकी, 'तुमच्या गावाकडं असंच चालतं का' वगैरे. हा रकाना सगळ्यात लांब झाला. तो कागदावर जाणार नाही, तरी लिहून ठेवला. ज्या गोष्टीवर राग जास्त, ती महिन्यात बहुधा चार-पाचदा घडलेली असते, हे त्यावरून कळत होतं.

पुन्हा पुन्हा आलेल्या गोष्टी एकत्र केल्यावर ७४ मेसेजमधून २३ वेगळ्या बाबी उरल्या. 'काय दिसलं' हा रकाना जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भरला. सरांची नजर पक्की आहे, ते मानावं लागेल. 'काय हवंय' मात्र निम्म्याहून जास्त ठिकाणी रिकामं राहिलं, नाहीतर तिथं फक्त 'स्वच्छ ठेवा', 'लक्ष द्या', 'किती वेळा सांगायचं' एवढंच होतं.

टोमणा हे मोठं संकट निघालं. एका मेसेजात सर म्हणतात, "ठेवा की अजून! रात्रभर ठेवा भात ओट्यावर!" घाईत मी तो 'काय हवंय' खाली टिपून घेतला होता. आज वाचताना दिसलं की माझ्या वहीप्रमाणे भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा आहे. असे आणखी तीन टोमणे सापडले. पुढं ज्याला हे करायचंय त्यानं आवाज ऐकतच रकाने भरावेत. टाइप केलेल्या मजकुरात टोमणा ओळखू येत नाही.

८ एप्रिल

पहिला मसुदा तयार केला आणि पडला.

माझ्या डोक्यात 'औपचारिक' म्हणजे तहसील कचेरीतली भाषा. त्यात एफएसएसएआयच्या २०११ च्या परवाना नियमावलीतलं परिशिष्ट ४ मी समोर ठेवलं होतं. अन्नाच्या जागेची आणि माणसांची स्वच्छता कशी असावी ते त्यात दिलेलं आहे. त्यातली वाक्यं उचलून मराठीत बसवली. टेबलाच्या फडक्याबद्दल असं लिहिलं:

"सेवा विभागातील कर्मचाऱ्यांनी टेबल स्वच्छतेकरिता निर्जंतुक केलेल्या कापडाचाच वापर करणे बंधनकारक राहील. सदर कापड वेळोवेळी बदलण्यात यावे."

कॅप्टनला वाचायला दिलं. तो बारावी झालेला आहे, पेपर रोज वाचतो. वाचून म्हणाला, "चांगलंय भाऊ. पण बदलायचं कुणी?"

मी म्हटलं, "वेटरनं."

"तसं लिहिलंय कुठं? 'बदलण्यात यावे' म्हणायलाव. आमच्यात 'यावे' नावाचा कुणी नाही."

बरोबर होतं. 'करण्यात यावे' ह्या रूपात करणारा माणूस गायब होतो. सरकारी पत्रात ते चालतं, कारण वरून खाली कुणी तरी ते कुणाच्या तरी गळ्यात घालतं. किचनमध्ये ते ज्याच्या त्याच्या गळ्यातून निसटतं. म्हणून ठरवलं: प्रत्येक वाक्य माणसापासून सुरू करायचं. 'वेटरने बदलावे', 'कॅप्टनने पाहावे'. हे 'आवे' रूप औपचारिकही राहतं आणि हुकमासारखं अंगावरही येत नाही.

काही शब्द कागदावर बंदच केले: वेळोवेळी, योग्य, पुरेसे, काळजी घ्यावी, स्वच्छ ठेवावे. ह्यातला एक जरी शब्द लिहावासा वाटला तर समजायचं की मला नेमकं काय हवंय ते अजून ठाऊक नाही, आणि उठून किचनमध्ये जाऊन बघायचं. आठवडा गेला तो ह्यातच.

१० एप्रिल

एकच बाब शेवटपर्यंत नेऊन बघायची म्हणून फडकं घेतलं. मार्चमध्ये ह्यावर नऊ मेसेज. सगळ्यात तिखट मेसेज हा:

"पाच नंबरच्या टेबलावर फडकं मारलंस का वास मारलास रे? बाई नाक दाबून उठली. तेच फडकं खाली, तेच वर. घरी असंच पुसतात का? किती वेळा सांगायचं, फडकं स्वच्छ ठेवा म्हणून. उद्यापासून ज्याच्या हातात घाण फडकं दिसंल त्याचा दिवस कट!"

दिसलेलं: फडक्याला वास होता, आणि एकच फडकं टेबलाला आणि फरशीला वापरलं गेलं. हवंय: 'फडकं स्वच्छ ठेवा'. धमकी आणि घर बाजूला काढलं. आता कागदावर 'एकाच कापडाने टेबल व फरशी पुसू नये' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग पुसायचं कशानं?

दुपारी सर्व्हिसच्या कोपऱ्यात जाऊन मोजलं. सहा वेटर, फडकी चार. त्यातली दोन ओली, एका खिळ्यावर एकावर एक टांगलेली. साबणाचं पाणी कुठंच नाही, बेसिनच्या नळाखाली पिळायचं आणि परत खांद्यावर. ओलं, उष्टं लागलेलं कापड ३८ अंशांच्या हवेत दिवसभर राहिलं तर वास येणारच. वेटरांपैकी एकानं सांगितलं, "सर, फडकी मागितली की म्हणतात आधीची काय खाल्ली का?"

भाषेचाही गोंधळ होताच. सर 'फडकं' म्हणतात ते तीन वेगळ्या वस्तूंना: टेबलाचं कापड, वस्तादांच्या खांद्यावरचा पंचा, आणि फरशीचं पोतेरं. मेसेज ऐकून प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला बोलले. कागदावर पहिल्यांदा ही तीन नावं वेगळी करावी लागली.

१३ एप्रिल

रंगांची कल्पना काढली. टेबलाला पिवळं, किचनला निळं, फरशीला लाल. मालकांनी लातूरच्या गंजगोलाई बाजारातून कापड आणून दिलं, शिंप्याकडून कडा मारून घेतल्या. कागदावरही सुबक दिसलं: 'पिवळे कापड फक्त टेबलासाठी.'

१८ एप्रिल

पाच दिवसांत कल्पना बाराच्या भावात गेली. पिवळ्या कापडावर हळदीचा डाग दिसतच नाही, त्यामुळे मळलंय की नाही कळेना. वर साबणात टाकलं की हळद लाल होते. सरांनी तसलं एक कापड उचललं आणि मटणाचं रक्त म्हणून ग्रुपवर फोटो टाकला. निळं कापड ब्लिचच्या पाण्यात बुडवून बुडवून पांढरट झालं, म्हणजे किचनचं कुठलं आणि कुठलं नाही हे पुन्हा तोंडी सांगायची वेळ.

शेवटी रंग सोडून वीण धरली. टेबलाला चौकड्याचं कापड, किचनला जाड पांढरं. ब्लिचनं चौकडी फिकी झाली तरी दिसते, आणि डागही दिसतो. फरशीचं पोतेरं कायमचं काढून टाकलं आणि दोन लांब दांड्याचे मॉप आणले. कितीही घाई असली तरी मॉप कुणी टेबलावर फिरवणार नाही. सरांची नऊ मेसेजमधली मुख्य तक्रार ५६० रुपयांच्या दोन मॉपनं संपली आणि तिच्यासाठी सूचना लिहायचीच गरज उरली नाही. चौकड्याची २४ कापडं ४३२ रुपयांना पडली. वाया गेलेलं रंगीत कापड आणि शिलाई साडेसहाशे.

२० एप्रिल

ब्लिचचं पाणी किती कडक हवं हे नेमकं लिहायचं होतं. ताटं, टेबलं अशा जिथं अन्नाचा संबंध येतो त्या जागेसाठी साधारण १०० पीपीएम क्लोरीन, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम, हे प्रमाण धरलं. आमच्या बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलंय. म्हणजे लिटरला २ मिली, १० लिटरच्या बादलीला २० मिली. वेटर मिलीलिटर मोजत बसणार नाही. बाटलीचं झाकण औषधाच्या मापानं मोजलं, १० मिली निघालं. म्हणून कागदावर 'एक बादलीस दोन झाकणे'. बादलीवर १० लिटरची रेघ ऑइलपेंटनं मारली. दुसऱ्या कंपनीची बाटली आली तर लेबल बघून झाकणं पुन्हा ठरवायची, ही नोंद कॅप्टनच्या कागदावर घातली.

क्लोरीन बघायच्या पट्ट्या मिळतात, त्या मागवल्या. पहिली पट्टी जेमतेम रंगली. बाटली कुठं ठेवता विचारलं तर तंदूरच्या भिंतीला लागून, झाकण अर्धं उघडं. उष्णतेनं आणि उजेडानं ब्लिचची ताकद उतरते. नवी बाटली आणून भांडारात, अंधारात ठेवली, तेव्हा पट्टी नीट रंगली.

दुसरी अडचण चिकट टेबलाची. तेल-तरी सांडलेल्या टेबलावर थेट ब्लिचचं कापड फिरवलं तर त्या खरकट्यातच क्लोरीन खर्च होऊन जातं, बादली अर्ध्या तासात गढूळ. आधी साबण, मग ब्लिच, हा क्रम लिहिणं भाग होतं. तिसरी बाब मेसेजमध्ये कुठंच नव्हती. फरशीवाल्या पोरानं संडास धुताना ब्लिचमध्ये संडासचं अ‍ॅसिड ओतलं आणि डोळे चोळत, खोकत बाहेर आला. त्या दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो. ते वाक्य ठळक अक्षरात घातलं.

तिसऱ्या मसुद्यातला फडक्याचा भाग असा उतरला:

"टेबलाचे कापड (चौकड्याचे)
१. पाळी सुरू होताना प्रत्येक वेटरने रॅकमधून दोन कोरडी कापडे घ्यावीत.
२. गिऱ्हाईक उठल्यावर वेटरने खरकटे ताटात गोळा करावे, टेबल साबणाच्या पाण्याने पुसावे, नंतर दुसरे कापड ब्लिचच्या बादलीत पिळून फिरवावे. टेबल आपोआप वाळू द्यावे.
३. कॅप्टनने ब्लिचची बादली १२, २, ४, ७ आणि ९ वाजता बदलावी. पाणी त्याआधी गढूळ झाल्यास तेव्हाच बदलावी.
४. खाली पडलेले कापड वेटरने 'मळकी' लिहिलेल्या डब्यात टाकावे व रॅकमधून नवे घ्यावे.
५. रात्री मावशींनी सर्व कापडे साबणाने धुऊन गच्चीवरील तारेवर एकेक वाळत घालावीत.
ब्लिचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरे काहीही मिसळू नये."

कॅप्टन म्हणाला, "आता कळतंय." मावशींना वाचून दाखवलं तर एकच दुरुस्ती सुचली: रात्री अकराला गच्चीवर चढायचं नाही, सकाळी आल्यावर वाळत घालू. ओली कापडं रात्रभर गोळा होऊन पडली तर पुन्हा तोच वास. शेवटी मागच्या अंगणात छपराखाली तार बांधली आणि 'गच्चीवरील'च्या जागी 'अंगणातील' लिहिलं.

२३ एप्रिल

भाताकडे वळलो. हे काम सोपं वाटलं होतं. 'उरलेला भात रात्री फ्रीजमध्ये ठेवावा', बस. वस्तादांनी वाचलं आणि हसले. "लेखक, ते पातेलं फ्रीजात बसवून दाखवा."

दुपारी आठ किलो तांदूळ एकदम शिजतो. साडेतीनला गर्दी ओसरली की पातेल्यात सहा-सात किलो भात उरतो, झाकून ओट्यावर राहतो, संध्याकाळी त्यालाच फोडणी. सरांचा राग होता तो ह्याच पातेल्यावर. आणि तो राग बरोबर होता. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलटी करवणारं विष परत फोडणी दिल्यानं जात नाही. म्हणून गरम अन्न ६० अंशांच्या वर किंवा थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं. थंड करायचंच असेल तर दोन तासांत ६० वरून २१ वर आणि पुढच्या चार तासांत ५ वर आणायचं, असं प्रमाण आहे.

साडेसहाशेचा टोचायचा थर्मामीटर आणून मोजलं. झाकलेल्या पातेल्यात साडेतीनला ठेवलेला भात साडेसहाला मधोमध ५१ अंश होता. म्हणजे तीन तास तो जंतूंना आवडेल अशा उबेकडेच चालला होता.

२४ एप्रिल

आज परातींत पसरून बघितला, दोन इंच थर, वर पंखा. तासाभरात ४१. नंतर काटा हलेना, दोन तासांनी ३८. साहजिक आहे, किचनच्या हवेचंच तापमान ३७ होतं. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यातल्या किचनमध्ये ओट्यावर ठेवून भात २१ अंशांवर येणं शक्यच नाही, परात कितीही पसरट घ्या. वरचा थर मात्र वाळून कडक झाला.

मग कोमट परातीच फ्रीजमध्ये सरकवल्या. फ्रीजचा काटा ५ वरून १३ वर गेला आणि आत पनीर, क्रीम, दही सगळं. एका भातासाठी बाकीचं धोक्यात. तेवढ्यात वीज गेली ती पाऊण तास आलीच नाही. परातींतला भात टाकून दिला, पनीरचा वास घेत बसलो आणि शेवटी अर्धं पनीरही टाकलं. आजचं नुकसान साधारण ११०० रुपये. मालकांना सांगताना घाम फुटला.

२६ एप्रिल

वस्तादांबरोबर बसून गोष्ट उलटी केली. उरलेला भात ठेवायचा कसा हे लिहायच्या ऐवजी, उरू द्यायचा नाही. वस्तादांचा आक्षेप होता की ऐन गर्दीत भात संपला तर पंचवीस मिनिटं गिऱ्हाईक थांबत नाही. त्यावर उपाय त्यांनीच काढला: सकाळीच अडीच-अडीच किलोच्या तांदळाच्या पिशव्या मोजून ठेवायच्या, आणि चालू भात अर्ध्यावर आला की पुढची पिशवी भिजत घालायची. तयार भात गरम पाण्याच्या टबात उभ्या केलेल्या डब्यात राहील.

कागदावर आलं: "वस्तादांनी एका वेळी अडीच किलोपेक्षा जास्त तांदूळ शिजवू नये. तयार भात गरम पाण्याच्या टबात ठेवावा. मदतनीसाने दर तासाला थर्मामीटर मधोमध टोचून आकडा तक्त्यावर लिहावा. आकडा ६० च्या खाली असल्यास लगेच वस्तादांना सांगावे. दुपारी साडेतीनला व रात्री बंद करताना उरलेला भात ठेवू नये."

'आकडा कमी आल्यास सांगावे' हे मी आधी लिहिलंच नव्हतं. मदतनीस पोरानं पहिल्या दिवशी तक्त्यावर इमानदारीनं ५२, ४९, ४७ असे आकडे मांडले आणि गप्प बसला. त्याचं काय चुकलं? कागदानं लिहायला सांगितलं होतं, ओरडायला नाही.

उरलेला भात तोलला. आधी सहा-सात किलो उरायचा, आता एखाद-दीड किलो. तो माणसं गरम गरमच जेवायला घेतात.

२९ एप्रिल

आजारपणाची बाब. मेसेज असा: "खोकत खोकत पोळ्या लाटायलास, लाज वाटती का? घरी बसता येत नाही?" वेळ दुपारी चार. मी त्या दिवसाचा ग्रुप वर सरकवला तर सकाळी ११:४० ला त्याच पोराला सरांचाच मेसेज: "ताप-बिप काय सांगू नको, माणूस नाही, लगेच ये."

आता 'आजारी कर्मचाऱ्याने कामावर येऊ नये' हे वाक्य लिहिलं तर ते कागदावरच खोटं ठरणार. सुट्टी घेतली की दिवस कापला जातो, मग कोण सांगेल मला जुलाब होतायत म्हणून? हे वाक्य पंधरा मिनिटांत लिहून झालं असतं. त्यासाठी मालकांकडे तीनदा जावं लागलं. शेवटी महिन्याला दोन दिवस आजारपणाचे, पगारासकट, असं त्यांनी मान्य केलं. मग लिहिलं: "उलटी, जुलाब, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असल्यास कर्मचाऱ्याने पाळीआधी व्यवस्थापकांना फोन करावा व कामावर येऊ नये. उलटी-जुलाब थांबल्यावर ४८ तासांनी यावे. व्यवस्थापकांनी त्यास त्या दिवशी बोलावू नये."

शेवटच्या वाक्यावर सर भडकले. "हे पोरांचं आहे का माझं?"

मी वही दाखवली. २३ बाबींपैकी ११ ठिकाणी वस्तूच नव्हती: फडकी कमी, हात धुवायच्या बेसिनवर साबण नाही, टँकरचं पाणी वाचवायला दुपारी नळ बंद. नळ सर स्वतःच बंद करत होते आणि तासाभरानं हात न धुतल्याबद्दल बोलत होते. वही बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टँकर बाराशेला येतो, तुला काय जातं." पण दुसऱ्या दिवशी हात धुण्यासाठी तोटीचा वेगळा पिंप आणला, झाकणासकट. कागदाच्या वर 'व्यवस्थापकांनी पुरवायच्या वस्तू' असा भाग घातला, त्यात साबण, कापडं, ब्लिच, पिंपातलं पाणी. तो त्यांनी खोडला नाही.

दंडाचं काहीच लिहिलं नाही. दिवस कापण्याचं वाक्य घालायचा सरांचा आग्रह होता. मालकांच्या हिशेबनीसानं सांगितलं की असला दंड लेखी देऊन अंगावर घेऊ नका. मला ते वेगळ्या कारणानं बरं वाटलं. दंड लिहिला की पोरं मळकं फडकं लपवतात, मळकीच्या डब्यात टाकत नाहीत.

३ मे

वाचून घेण्याची चाचणी. आतापर्यंत मी माणसांना 'कळलं का?' असं विचारत होतो आणि सगळे 'हो' म्हणत होते. आज रीत बदलली. कागद हातात दिला आणि म्हटलं, बोलू नको, करून दाखव.

वेटरांचं ठीक गेलं. किचनमध्ये दोन ठिकाणी अडलं. 'कच्चे मांस खालच्या फळीवर' ह्यात एका पोरानं खालची म्हणजे डीप फ्रीजच्या तळाशी असं धरलं. मला फ्रीजच्या सगळ्यात खालच्या फळीवर म्हणायचं होतं, म्हणजे त्याचं पाणी सॅलडवर गळणार नाही. आता कारणही त्याच ओळीत लिहिलं. कारण लिहिलं की चुकीची फळी त्यांनाच ओळखू येते. एरवी मी कारणं गाळली होती, कागद लांबतो म्हणून.

तंदूरवाला बिहारचा आणि मदतनीसांपैकी दोघं नेपाळचे. मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यांच्यासाठी हिंदी कागद केला. तो मीच लिहिला आणि 'मॉप'ला 'पोछा' लिहून पुन्हा तोच गोंधळ केला, कारण त्यांच्या तोंडी पोछा म्हणजे कुठलंही पुसायचं कापड. तंदूरवाल्यानं दुरुस्त करून दिलं.

९ मे

छापून लावलं. किचनचा एक कागद १४ कलमांचा, सर्व्हिसचा ९ कलमांचा. प्रत्येक कलम जिथं काम होतं तिथंच लावलंय, फडक्याचं रॅकवर, भाताचं टबाच्या वर. आधी सगळं एका मोठ्या फ्लेक्सवर छापायची हौस होती, ४०० रुपयांचा फ्लेक्स झालाही. तो दाराजवळ लावला आणि आठ दिवसांत कुणीही त्याच्यासमोर उभं राहिलेलं दिसलं नाही. किचनमधला साधा कागद तीन दिवसांत तेलकट झाला, म्हणून लॅमिनेशन केलं.

खर्च वहीत मांडला: कापड, मॉप, पट्ट्या, थर्मामीटर, पिंप, छपाई, वाया गेलेलं पनीर धरून ४,९०० च्या आसपास. माझा वेळ पाच आठवडे, रोज तास-दीड तास. नुसतं लिहायला त्यातला चौथा हिस्सासुद्धा लागला नसेल.

एक बाब अजून सुटलेली नाही. वेटर पाण्याचे चार ग्लास एका हातात, बोटं आत घालून उचलतात. मार्चमध्ये सात मेसेज ह्यावर. 'ट्रे वापरावा' लिहिलं, ट्रे आहेत, तरी गर्दी झाली की बोटं आत. टेबलांच्या मधली वाट एवढी अरुंद आहे की भरलेला ट्रे घेऊन दोघं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, असं कॅप्टन म्हणतो. रविवारी दोन टेबलं काढून बघायची असं ठरलंय. मालक अजून 'बघू' म्हणताहेत.

११ मे

रात्री साडेनऊला ग्रुपवर सरांचा मेसेज आला. टाइप केलेला, चारच शब्द: "टेबल ५, कलम २." त्याखाली कॅप्टनचा अंगठा. दोन मिनिटांनी सरांचा दुसरा मेसेज आला, आवाजी, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. तो मी अजून ऐकलेला नाही.